फुगवटा आत जातोय ना?

समजा, पवईतल्या एका पन्नाशीच्या बाईंना बेंबीशी हर्नियाचा लिंबाएवढा फुगवटा आहे. दुखत नाही, आडवं झाल्यावर आपोआप आत जातो. अशा वेळी सर्जनने तपासल्यावर थांबायला हरकत नसते. मात्र खोकला, बद्धकोष्ठता आणि वजन आटोक्यात हवं. पोटपट्ट्याने आधार मिळतो, पोटाच्या भिंतीतलं भोक बुजत नाही.

जुन्या टाक्यांच्या जागी आलेला हर्निया बहुधा वाढत जातो. तो नुसता शिवला तर पुन्हा उद्भवण्याचा धोका मोठा. २००० साली प्रसिद्ध झालेल्या डच अभ्यासात तीन वर्षांत नुसत्या शिवणीनंतर ४३ टक्के, तर जाळी बसवल्यावर २४ टक्के रुग्णांत तो परतला. म्हणजे जाळीही हमी नव्हेच. बेंबीचं भोक साधारण एक सेंटिमीटरहून मोठं असेल, तर तिथेही जाळीच बरी. ती भोकाच्या कडेपलीकडे चहूबाजूंनी काही सेंटिमीटर पसरलेली असावी लागते.

फुगवटा अचानक कडक झाला, आत जाईना, दुखणं वाढत चाललं, उलट्या सुरू झाल्या, वारा सरेना किंवा वरची कातडी लाल-काळी पडली, तर आतड्याचा रक्तपुरवठा तुटत असू शकतो. फुगवटा दाबून आत ढकलू नका, काही खाऊ-पिऊ नका. सर्जन चोवीस तास हजर असेल असं रुग्णालय तातडीने गाठा. संध्याकाळच्या ओपीडीची वाट पाहू नका.