‘स्टेटमेंट द्या’ म्हणजे नक्की काय द्या?

स्कॉलरशिपच्या फॉर्मला बँकेचं शिक्का मारलेलं स्टेटमेंट जोडायचं होतं. माझ्या रूममेटने वहीचं पान फाडलं आणि लिहिलं:

‘सर, मला माझ्या अकाउंटचं गेल्या वर्षाचं स्टेटमेंट पाहिजे. आपणांस कळविण्यात येते की अर्जंट आहे, लवकर द्या.’

काउंटरवरच्या मॅडमनी वाचून एवढंच विचारलं, ‘गेलं वर्ष म्हणजे कुठून कुठपर्यंत?’ आणि कागद परत दिला.

प्रश्न बरोबरच होता. तुमच्या डोक्यात जानेवारी ते डिसेंबर असतं, बँकेच्या हिशेबात एप्रिल ते मार्च. त्यामुळे ‘गेलं वर्ष’ न लिहिता दोन्ही तारखा लिहा. दुसरी गोची ‘कळविण्यात येते’ची. ही भाषा ऑफिस नोटीस काढताना वापरतं. अर्ज करणाऱ्याने ‘विनंती करते’ किंवा ‘विनंती करतो’ लिहायचं. आणि ‘अर्जंट’ म्हणजे किती? त्याऐवजी कारण आणि शेवटची तारीख सांगा, म्हणजे घाई आपोआप कळते.

मग संध्याकाळी आम्ही तोच अर्ज पुन्हा लिहिला:

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक,
(बँकेचे व शाखेचे नाव)

विषय : बचत खात्याचा खातेउतारा मिळण्याबाबत.

महोदय/महोदया,
माझे आपल्या शाखेत बचत खाते असून खाते क्रमांक ……… आहे. शिष्यवृत्तीच्या अर्जासोबत जोडण्यासाठी मला दि. १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५ या कालावधीचा, शिक्का व अधिकाऱ्याची सही असलेला खातेउतारा हवा आहे. अर्जाची अंतिम तारीख ……… आहे. तरी त्यापूर्वी तो मिळावा, ही विनंती. नियमानुसार शुल्क असल्यास ते माझ्या खात्यातून वळते करावे.

आपली विश्वासू,
(सही, नाव, मोबाइल क्रमांक, दिनांक)

बघा, ‘द्या’चं ‘मिळावा, ही विनंती’ झालं. ‘पाहिजे’चं ‘हवा आहे’ झालं. ‘स्टेटमेंट’ लिहिलंत तरी बँकेत कळतं, पण मराठी अर्जात ‘खातेउतारा’ नीट बसतो. शिक्क्याचा उल्लेख मात्र विसरू नका. नाहीतर साधी प्रिंट हातात येईल आणि कॉलेज ती घेणार नाही.

सही खातं उघडताना केली होती तशीच करा. दहावीनंतर सही बदलली असेल, तर अर्ज तिथेच अडकू शकतो. अर्जात खाते क्रमांक लागतो. पिन, ओटीपी किंवा कार्डामागचा तीन आकडी नंबर कधीच लागत नाही.

शेवटचं, अर्जाच्या दोन प्रती न्या. एक बँकेला द्या आणि दुसरीवर तारखेसह पोच घ्या. चार दिवसांनी ‘अर्ज कधी दिला होता?’ असं कुणी विचारलं, तर उत्तर तुमच्या फाइलमध्येच असेल.