पिशवी काढायची नाही, ताई

गेल्या पावसाळ्यात एका बाईंनी माझ्या टेबलावर अहवाल ठेवला आणि बसायच्या आधीच विचारलं, “डॉक्टर, पिशवी कधी काढायची?” वय ३८, दोन मुलं, तालुक्याच्या शिबिरात पॅप तपासणी करून घेतलेली. अहवालातल्या एका शब्दाखाली निळ्या पेनाने दोनदा रेघ मारली होती : अ‍ॅस्कस. तीन रात्री त्या झोपल्या नव्हत्या. नवऱ्याला सांगितलं नव्हतं, फक्त बहिणीला सांगितलं होतं. बहीण म्हणाली होती, “काढूनच टाक, कटकट नको.”

मी अर्धा तास समजावलं. त्या मान हलवत होत्या, पण डोक्यात काही शिरत नव्हतं. घाबरलेल्या माणसाला ऐकलेलं आठवत नाही. म्हणून रात्री मी त्यांना पत्र लिहिलं. तेव्हापासून असा अहवाल आला की सोबत तेच पत्र देते. आज ते इथे देते आहे.

*

ताई,

सगळ्यात आधी एक गोष्ट. तुमच्या अहवालात कॅन्सर सापडलेला नाही. तो मागे लपलाय आणि डॉक्टर सांगत नाहीत, असंही नाही.

पॅप तपासणीत गर्भपिशवीच्या तोंडावरून ब्रशने थोड्या पेशी घेतात, काचेवर पसरतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. बघणाऱ्याला तुमच्या काही पेशी नेहमीसारख्या दिसल्या नाहीत. त्यांची केंद्रकं जरा मोठी, जरा गडद होती. पण त्यांना ठामपणे ‘बिघडलेल्या’ म्हणावं इतकंही काही नव्हतं. अशा ‘नक्की सांगता येत नाही’ पेशींना अ‍ॅस्कस म्हणतात. जंतुसंसर्गाने अंगावरून पांढरं जात असेल, पाळी जायच्या वयात तिथली त्वचा कोरडी पडली असेल, तरी पेशी अशा दिसू शकतात. आणि तिसरं कारण असतं एचपीव्ही नावाचा विषाणू. आपल्याला शोध घ्यायचाय तो याचाच, कारण गर्भाशयमुखाच्या जवळजवळ सगळ्या कॅन्सरांच्या मुळाशी तो असतो.

हे वाचून पुन्हा छातीत धस्स झालं असेल, तर पुढचं वाक्य दोनदा वाचा. हा विषाणू बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी होतो, आणि दहापैकी साधारण नऊ जणींच्या शरीरातून तो दोनेक वर्षांत आपोआप निघून जातो. ज्या थोड्या जणींमध्ये तो वर्षानुवर्षं ठाण मांडून बसतो, त्यांच्यातही कॅन्सर व्हायला बहुधा दहा-पंधरा वर्षं लागतात. म्हणून घाई करायची नाही, पण विसरायचंही नाही.

आणखी एक, कारण तुम्ही विचारणार नाही. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो, पण तो कधी आला हे कोणतीही तपासणी सांगू शकत नाही. तो अनेक वर्षं गप्प राहून मग दिसू शकतो. त्यावरून नवऱ्यावर किंवा स्वतःवर संशय घेऊ नका.

आता पुढची पायरी. पॅपसारखाच नमुना घेऊन एचपीव्ही तपासणी करायची. पाळी चालू नसताना या, आणि आधीचे दोन दिवस योनीमार्गात गोळी, मलम काही वापरू नका, संबंधही टाळा. धोकादायक प्रकारचा विषाणू सापडला नाही, तर साधारण तीन वर्षांनी पुन्हा तपासणी, बस. जवळपास ही तपासणी होतच नसेल, तर वर्षाने पॅप पुन्हा करायची.

सापडला, तर कॉल्पोस्कोपी. हे ऑपरेशन नाही. पॅपच्या वेळी झोपला होतात तसंच झोपायचं. दुर्बीण बाहेरच राहते. गर्भाशयमुखावर सौम्य अ‍ॅसेटिक आम्ल लावतात, आपल्या स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरसारखं. थोडं चुरचुरतं. मिनिटभरात बदललेल्या पेशींचा भाग पांढरा दिसू लागतो. तिथून तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा घेतात. चिमटा काढल्यासारखं वाटतं, पाळीत दुखतं तसं थोडा वेळ दुखतं. दोन-चार दिवस थोडं रक्त किंवा कॉफीच्या गाळासारखा स्राव जाईल, तेवढे दिवस पॅड वापरा. रक्त पाळीपेक्षा जास्त गेलं किंवा ताप आला, तर लगेच फोन करा.

त्या तुकड्यात सौम्य बदल निघाला तर तोही बहुतेकदा आपोआप भरून येतो. मग उपचार नाही, वर्षाने तपासणी. जास्त बदल निघाला, तर तेवढाच भाग गोठवून, जाळून किंवा तारेच्या वेटोळ्याने काढून टाकता येतो. पिशवी जागेवर राहते. तेही उगीच करत नाही, कारण पुढे मूल हवं असेल तर तारेने केलेल्या उपचारानंतर दिवस भरण्याआधी बाळंतपण होण्याचा धोका थोडा वाढतो.

एचपीव्ही मारणारी गोळी नाही. त्या नावाने कोणी महागडा कोर्स दिला, तर आधी मला दाखवा.

*

पत्र इथे संपतं. त्या बाईंची एचपीव्ही तपासणी होकारार्थी आली, कॉल्पोस्कोपी झाली, तुकड्यात सौम्य बदल निघाला. आम्ही काहीच केलं नाही, फक्त कॅलेंडरवर तारीख लिहिली. वर्षाने त्या आल्या तेव्हा विषाणू गेलेला होता.

एचपीव्ही तपासणीवर माझा इतका भरवसा का? त्याचा पुरावा आपल्याच मातीत आहे. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या धाराशिवच्या, गावांमध्ये ३० ते ५९ वयाच्या सुमारे एक लाख एकतीस हजार बायकांचा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या गटाला आयुष्यात फक्त एकदा एचपीव्ही तपासणी मिळाली, त्या गटात आठ वर्षांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू, तपासणी न मिळालेल्या गटाच्या जवळपास निम्म्यावर आले. पॅप किंवा व्हिनेगर लावून केलेल्या तपासणीने त्या अभ्यासात असा ठळक फरक पडला नाही.

शेजारच्याच बीड जिल्ह्यातलं चित्र मात्र वेगळं. ऊसतोड करणाऱ्या कितीतरी बायकांच्या गर्भपिशव्या ऐन तिशीत काढल्या गेल्याचं २०१९ मध्ये उघड झालं. पांढरं जातं, पोटात दुखतं, एवढ्या तक्रारीवर कॅन्सरची भीती घातली गेल्याचं अनेक जणींनी सांगितलं. पिशवीबरोबर अंडाशयंही गेली, तर चाळिशीच्या आत पाळी जाण्याचे परिणाम हाडांना आणि हृदयाला सोसावे लागतात. अ‍ॅस्कस हे पिशवी काढण्याचं कारण नाही. कोणी तसं सांगितलं, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय सही करू नका.

मात्र धीर धरण्याला एक मर्यादा आहे. संबंधानंतर रक्त जात असेल, पाळी कायमची गेल्यावर पुन्हा डाग दिसत असेल, दुर्गंधीयुक्त पाणी जात असेल, तर मागचा अहवाल अ‍ॅस्कस असो की अगदी नॉर्मल, थांबू नका. त्याच आठवड्यात आतून तपासून घ्या. एचआयव्ही असलेल्या बायकांनीही हे तीन वर्षांचं वेळापत्रक स्वतःला लावू नये, त्यांची तपासणी लवकर लवकर व्हायला हवी.

बाकी सगळ्या जणींना माझी एवढीच विनंती आहे : अहवाल हाती आला की डॉक्टरांना विचारा, “माझी एचपीव्ही तपासणी कुठे होईल?” आणि पुढच्या तपासणीची तारीख त्याच कागदावर लिहून घेऊनच बाहेर पडा.