नोटीस पिरियड आणि गार्डन लीव्ह: तुमची नोकरी नक्की कोणत्या तारखेला संपते?



नोकरी सोडून स्वतःचं काहीतरी सुरू करायचं, असं ठरवलेल्या बहुतेकांना मी एकच प्रश्न विचारतो. "तुमचं ऑफर लेटर कुठे आहे?" कुणी म्हणतं ईमेलमध्ये असेल, कुणी म्हणतं घरी फाइलमध्ये असेल. सही करताना आपण पगाराचा आकडा बघतो आणि पुढची पानं तशीच उलटतो. मीही तेच केलं होतं.

माझी चूक आधी सांगतो. दुकान सुरू करण्यासाठी मी राजीनामा दिला. चार दिवसांनी कंपनीने सांगितलं, "उद्यापासून यायची गरज नाही, पगार चालू राहील." मला वाटलं, सुटलो! नोटीस पिरियडचे 18 दिवस बाकी होते, तरी मी दुकानाच्या बोर्डाचा फोटो स्टेटसला टाकला आणि दोन जुन्या ग्राहकांना फोनही केले. परिणाम असा झाला की शेवटचा पगार आणि रिलीव्हिंग लेटर दोन्ही अडकलं. कारण मी सुट्टीवर नव्हतोच. कागदावर मी अजून त्यांचा नोकर होतो. याच प्रकाराला गार्डन लीव्ह म्हणतात आणि तो शब्द माझ्या ऑफर लेटरमध्ये पहिल्या दिवसापासून होता.

नोटीस पिरियड म्हणजे काय?

राजीनामा दिल्यापासून नोकरी प्रत्यक्ष संपेपर्यंतचा काळ म्हणजे नोटीस पिरियड. या काळात पगार चालू, तुमची जबाबदारी चालू आणि ऑफर लेटरमधल्या सगळ्या अटीही चालू. कंपनीने तुम्हाला काढलं तर तिलाही नोटीस द्यावी लागते. पण दोन्ही बाजूंचे दिवस सारखेच असतील असं धरून चालू नका, लेटरमध्ये वाचून घ्या. प्रोबेशनमध्ये नोटीस बहुधा कमी दिवसांची असते आणि कन्फर्म झाल्यावर वाढते.

एक उदाहरण घेऊ. समजा प्रिया पुण्यात पॅकेजिंग मालाच्या एका डिस्ट्रिब्युटरकडे सेल्सला आहे. महिन्याचा एकूण पगार 42,000, त्यात बेसिक 21,000. नोटीस 60 दिवसांची. तिला बेकरीवाल्यांसाठी बॉक्स आणि पिशव्यांचं स्वतःचं दुकान दसऱ्याला उघडायचं आहे. 2025 प्रमाणे दसरा 2 ऑक्टोबरला धरू.

तिने 1 ऑगस्टला ईमेलने राजीनामा दिला. दुसऱ्या दिवसापासून मोजलं तर 2 ते 31 ऑगस्टचे 30 दिवस आणि सप्टेंबरचे 30 दिवस. शेवटचा दिवस 30 सप्टेंबर. दसरा साधला! पण हाच राजीनामा तिने 10 ऑगस्टला दिला असता, तर शेवटचा दिवस 9 ऑक्टोबर आला असता आणि मुहूर्त आठवडाभराने हुकला असता. म्हणून मुहूर्त आधी ठरवायचा असेल तर तिथून उलटं मोजा. आणि राजीनामा तोंडी देऊ नका. साहेबांना केबिनमध्ये सांगितलं त्या दिवसापासून मोजायचं की ईमेलच्या तारखेपासून, हा वाद नंतर निघतो. ईमेलमध्येच लिहा, "लेटरमधल्या अटीनुसार माझा शेवटचा दिवस 30 सप्टेंबर येतो, कृपया कळवावे."

दिवस कमी पडले तर पैसे किती?

बऱ्याच लेटरमध्ये "नोटीसऐवजी पगार" असं वाक्य असतं. म्हणजे उरलेल्या दिवसांचे पैसे भरून लवकर मोकळं होता येतं. इथे दोन गोष्टी बघा.

पहिली, हा पर्याय कुणाच्या हातात आहे? "कंपनीच्या मर्जीनुसार" असं लिहिलं असेल, तर तुम्ही पैसे पुढे केले म्हणून कंपनी घेईलच असं नाही. अर्थात, तुम्हाला खुर्चीत बसवून जबरदस्तीने काम करून घेता येत नाही. पण करार मोडला म्हणून कंपनी नोटीसचे पैसे किंवा भरपाई मागू शकते.

दुसरी, पगार कोणता, बेसिक की एकूण? 10 ऑगस्टवाल्या प्रियाला 30 सप्टेंबरलाच मोकळं व्हायचं असेल तर 9 दिवस कमी पडतात. बेसिकवर दिवसाचे 700 म्हणजे 6,300 रुपये. एकूण पगारावर दिवसाचे 1,400 म्हणजे 12,600. एका शब्दाने रक्कम दुप्पट होते. लेटरमध्ये फक्त "पगार" लिहिलं असेल, तर सही करण्याआधी एचआरकडून ईमेलवर खुलासा मागवा. नंतर विचारलं तर उत्तर त्यांच्याच सोयीचं येणार.

काही ठिकाणी या रकमेवर जीएसटीही लावत. तसं झालं तर सांगा, की 3 ऑगस्ट 2022 च्या सरकारी परिपत्रकाने नोटीस वसुलीवर जीएसटी लागत नाही हे स्पष्ट केलेलं आहे.

आता गार्डन लीव्ह

पुन्हा 1 ऑगस्टवाल्या प्रियाकडे येऊ. 5 ऑगस्टला एचआर सांगतं, "लॅपटॉप जमा करा, ऑफिसला येऊ नका, ग्राहकांशी बोलू नका. 30 सप्टेंबरपर्यंत पगार मिळेल." म्हणजे घरी बसा, बागेत पाणी घाला, पण नोकरी आमचीच! कंपनी असं करते कारण सेल्सच्या माणसाकडे दर, ग्राहक आणि चालू कोटेशन अशी ताजी माहिती असते. दोन महिन्यांत ती शिळी होते आणि ग्राहकांशी ओळख करून घ्यायला नव्या माणसाला वेळ मिळतो.

प्रियाला मात्र हे 56 दिवस फुकटचे वाटतात. इथेच घोटाळा होतो. बहुतेक लेटरमध्ये "लेखी परवानगीशिवाय दुसरा व्यवसाय करणार नाही" अशी अट असते आणि ती 30 सप्टेंबरपर्यंत जिवंत आहे.

"पण आपल्याकडे अशा अटी कोर्टात टिकत नाहीत ना?" हा प्रश्न मला हमखास येतो. उत्तर अर्धंच खरं आहे. भारतीय करार कायदा 1872 चं कलम 27 सांगतं, की कुणालाही व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्द. पण कोर्टांनी यात तारखेची रेघ मारली आहे. नोकरीची मुदत चालू असताना घातलेलं बंधन सहसा चालतं, नोकरी संपल्यानंतरचं सहसा चालत नाही.

दोन निकाल लक्षात ठेवा. सेंच्युरी स्पिनिंगच्या कल्याणच्या टायर कॉर्ड कारखान्यातला एक कर्मचारी कराराची पाच वर्षं संपायच्या आधीच दुसऱ्या कंपनीत गेला. सुप्रीम कोर्टाने 1967 मध्ये त्याच्यावरची मनाई कायम ठेवली, कारण ती कराराच्या मुदतीतली होती. उलट व्हीएफएस ग्लोबलच्या प्रकरणात गार्डन लीव्हचं कलम नोकरी सुटल्यानंतरचे तीन महिने पैसे देऊन स्पर्धकाकडे जाण्यापासून रोखणारं होतं. मुंबई हायकोर्टाने 2007 मध्ये म्हटलं, की असं कलम व्यवसायबंदीत मोडतं.

म्हणून लेटर वाचताना एकच गोष्ट शोधा. गार्डन लीव्ह नोटीस पिरियडच्या आत आहे की शेवटच्या दिवसाच्या नंतर? आत असेल तर पाळा. नंतर असेल आणि कंपनी अडवत असेल, तर वकिलाला लेटर दाखवा, तुमची बाजू बरीच मजबूत असू शकते. तशी वेळच येऊ नये म्हणून सही करण्याआधी एक वाक्य घालून घ्या: "गार्डन लीव्ह नोटीस पिरियडमध्येच धरली जाईल आणि त्या काळात पूर्ण पगार मिळेल." "पूर्ण" शब्द महत्त्वाचा आहे, कारण सेल्सवाल्यांचा इन्सेंटिव्ह इथेच गळतो.

एक गोष्ट मात्र नोकरी संपल्यावरही सुटत नाही, ती म्हणजे कंपनीची गोपनीय माहिती. ग्राहकांची एक्सेल फाइल, खरेदीचे दर, कोटेशन हे 2 ऑक्टोबरलाही तुमचं होत नाही. अनुभव तुमचा, फाइल त्यांची.

त्या 56 दिवसांत प्रियाने काय करावं?

जागा बघणं, भाडी विचारणं, मशीनच्या किमती काढणं, बँकेत कर्जाची चौकशी करणं ही तयारी झाली. विक्री, जाहिरात, जुन्या ग्राहकांना मेसेज, कंपनीच्याच पुरवठादाराला ऑर्डर हा व्यवसाय झाला, तो थांबवा. गाळ्याचा करार किंवा नोंदणी आधी करावीच लागणार असेल, तर एचआरला ईमेल करून लेखी परवानगी घ्या.

नोंदणीबद्दल विशेष सांगतो. "कुणाला कळणार आहे?" असं म्हणू नका. जीएसटी पोर्टलवर पॅन टाकून नोंदणी शोधता येते आणि तिथे नोंदणीची तारीख दिसते. तुमचा पॅन पगारासाठी कंपनीकडे आहेच! 12 सप्टेंबरची तारीख तिथे दिसली, की तुम्ही नोकरीत असताना व्यवसाय सुरू केला असं म्हणायला त्यांना आयता पुरावा मिळतो. प्रियाचं दुकान जीएसटी मर्यादेच्या खाली सुरू होणार असेल आणि माल फक्त राज्यातच विकायचा असेल, तर तिला नोंदणीची घाई करायचीही गरज नाही. ती 1 ऑक्टोबरनंतर निवांत करू शकते.

उद्या तुम्ही मालक झालात की

तुमच्या पहिल्या कामगाराचं लेटर इंटरनेटवरून उचलू नका, त्यात गार्डन लीव्ह आपोआप येतं. दुकानातल्या 18,000 पगाराच्या मुलाला दोन महिने घरी बसवलंत, तर 36,000 रुपये काम न करून घेता जातील, वर काउंटरला दुसरा माणूस लागेलच. छोट्या दुकानाला 30 दिवसांची नोटीस बहुतेक वेळा पुरते. उधारीची वही आणि ग्राहकांचे नंबर दुकानाच्या फोनमध्ये ठेवा, त्याच्या नाही. त्याने हिशोब आणि चाव्या दिल्या, की शेवटचा पगार वेळेवर द्या.

माझा अडकलेला पगार मिळायला चार महिने लागले. दुकानाच्या पहिल्या चार महिन्यांतच त्या पैशांची सगळ्यात जास्त गरज होती. आज घरी गेलात की ऑफर लेटर काढा, नोटीसचे दिवस, बेसिक की एकूण, आणि गार्डन लीव्ह आत की नंतर, एवढं वहीत लिहा. मग कॅलेंडर समोर ठेवून दुकानाची तारीख ठरवा.