‘विचारायचं होतं’, मग आता नको?

किराणा दुकानात पाऊल टाकलं की मालक विचारतो, “काय पाहिजे होतं?” आपणही बिनदिक्कत सांगतो, “अर्धा किलो रवा हवा होता.” रवा आत्ताच हवा असतो, पिशवी हातात असते, तरी ‘होता’. त्यावर “होता म्हणजे आता नको का?” असं कोणी विचारलंच, तर तो घरातला एखादा चेष्टेखोर काका असतो.

हीच चेष्टा इंग्रजीच्या बाबतीत मात्र गंभीर चेहऱ्याने केली जाते. माझ्या भाचीला परदेशी शिकायला जायचंय. शिफारसपत्रासाठी तिने आपल्या जुन्या प्राध्यापकांना मेल लिहिली : ‘आय वॉज वंडरिंग इफ यू कुड राइट मी अ रेफरन्स.’ पाठवण्याआधी शेजारच्या निवृत्त शिक्षकांना दाखवली. त्यांनी ‘वॉज’ खोडून ‘अ‍ॅम’ केलं, ‘कुड’ खोडून ‘कॅन’. म्हणाले, “पत्र आत्ता हवंय ना? मग भूतकाळ कशाला?”

गुरुजींच्या वाक्यात व्याकरणाची चूक नाही, पण मूळ वाक्यातही नव्हती. इथला भूतकाळ काळ दाखवायला आलेलाच नाही. रँडॉल्फ क्वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या 1985 सालच्या जाडजूड इंग्रजी व्याकरणात या वापराची वेगळी नोंद आहे : बोलणाऱ्याची वृत्ती दाखवणारा भूतकाळ. आपली इच्छा आत्ताच्या क्षणातून जरा मागे सरकवून ठेवली, की समोरच्यावरचा दाब कमी होतो. त्याला नाही म्हणायचं असेल, तर त्याने एका जुन्या विचाराला नाही म्हटल्यासारखं होतं. तोंडावर नकार दिल्यासारखं वाटत नाही. ‘वॉन्टेड’पेक्षा ‘वॉज वंडरिंग’ आणखी मऊ लागतं, कारण त्यात इच्छासुद्धा नाही. मनात नुसतं घोळत होतं, एवढंच.

आपल्याकडे ही सोय दोन दिशांना विभागलेली आहे. स्वतःची इच्छा आपण मागे ढकलतो, ‘विचारायचं होतं’. पण दुसऱ्याकडून काही हवं असेल तर पुढे ढकलतो, ‘द्याल का?’, ‘याल का?’ इंग्रजी दोन्हीकडे भूतकाळच वापरते. ‘कुड’ हे ‘कॅन’चं भूतकाळी रूप आणि ‘वुड’ हे ‘विल’चं, पण ‘कुड यू कम टुमॉरो?’ हे उद्याबद्दलच असतं आणि ते कोणी खोडत नाही. मग बिचाऱ्या ‘वॉज’नेच काय घोडं मारलंय?

गंमत म्हणजे त्याच मेलमधल्या दोन खऱ्या चुका गुरुजींच्या नजरेतून सुटल्या. एक होती ‘आय हॅड वॉन्टेड टू आस्क’. ‘मी विचारायला आलो होतो’ म्हणताना आपल्याला दोन क्रियापदांची सवय असते. ती ‘हॅड’ होऊन इंग्रजीत उतरते. पण ‘हॅड वॉन्टेड’ वाचून इंग्रजी कानाला वाटतं, की तेव्हा विचारायचं होतं, ते राहून गेलं, आणि तो पुढच्या ‘पण’ची वाट बघत बसतो. तिथे साधं ‘वॉन्टेड’ हवं.

दुसरी चूक : ‘आय वॉज वंडरिंग व्हेन इज द लास्ट डेट.’ इथे ‘वॉज वंडरिंग’ला हात लावायचा नाही, शब्दांचा क्रम बदलायचा. प्रश्न वाक्याच्या पोटात गेला की त्याची प्रश्नार्थक मांडणी जाते, म्हणून ‘व्हेन द लास्ट डेट वॉज’. तारीख अजून यायची असली तरी ‘वॉज’ चालतं. पहिल्या भूतकाळाने दुसऱ्यालाही मागे ओढलेलं असतं. ‘इज’ ठेवलं तरी अडत नाही.

ही सवलत सगळ्या क्रियापदांना मात्र नाही. हवं असणं, वाटणं, आशा असणं, मनात येणं अशा मनातल्या गोष्टींपुरतीच ती आहे. ‘आय वॉज होपिंग’ म्हणूनच बरोबर. ‘आय वॉज रिक्वेस्टिंग यू’ने काम होत नाही. विनंती ही त्या वाक्यातच करायची असते. ती मागे नेली की मागे कधी काय चाललं होतं त्याची हकिकत होते. आणि वाक्यात ‘यस्टरडे’ आलं, की भूतकाळ पुन्हा आपल्या मूळ कामाला लागतो. ‘आय वॉन्टेड टू आस्क यू यस्टरडे’ म्हणजे खरंच काल.

भाचीने ‘वॉज’ परत घातलं, ‘हॅड’ काढलं. मग शेवटी प्रश्नचिन्ह द्यायचं की नाही यावर आमचा वाद झाला. रचना विधानाची आहे, म्हणून मी पूर्णविराम द्यायला लावला. ती म्हणाली, “मावशी, पण मी विचारतेच आहे ना!”