साखळीची अट

योशिहिरो तोगाशी यांच्या १९९८ साली सुरू झालेल्या ‘हंटर एक्स हंटर’ या मांगात ‘नेन’ या शक्तीचा एक नियम आहे: स्वतःवर जितकी कडक अट घालाल, तितकं बळ वाढतं. कुरापिकाची साखळी फक्त ‘स्पायडर’ टोळीवर चालते. इतर कुणावर वापरली तर तो मरेल. म्हणूनच टोळीतला सर्वांत दणकट उवोगिन तिच्यात अडकून हतबल होतो. पण टोळीबाहेरच्या शत्रूपुढे तिचा उपयोग शून्य. मला पाकुनोदाचा प्रसंग याहून मोठा वाटतो. कुरापिकाचं गुपित फोडलं तर तिच्या हृदयाभोवतीची साखळी तिला मारणार असते. ती आपल्या आठवणी गोळ्यांतून सोबत्यांना देते आणि कोसळते. इथे लेखकालाही तिला वाचवायला पळवाट उरत नाही.