एका 'सेल्फी'ची कोशातली नोंद

सप्टेंबर २००२मध्ये ऑस्ट्रेलियातला एक तरुण मित्राच्या एकविसाव्या वाढदिवसाला गेला, तिथे जरा जास्तच प्यायला, पायऱ्यांवर तोंडघशी पडला आणि खालचा ओठ फोडून बसला. ओठाला टाके पडले. नंतर त्या टाक्यांबद्दलची एक शंका त्याने एबीसी या तिथल्या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या संकेतस्थळावर लिहून विचारली आणि सोबत ओठाचा फोटो दिला. फोटो धूसर आला होता. त्याबद्दल माफी मागताना त्याने कारण दिलं की तो सेल्फी आहे. त्या मजकुराची तारीख १३ सप्टेंबर २००२. 'सेल्फी' या शब्दाचा ऑक्सफर्डच्या कोशकारांना सापडलेला सर्वांत जुना लेखी दाखला तो हाच.

२०१३मध्ये हे उघड झालं तेव्हा वर्तमानपत्रांनी या गृहस्थाला शब्दाचा जनक ठरवून टाकलं. त्याने स्वतः मात्र सांगितलं, की शब्द माझा नाही, तेव्हा सगळेच असं म्हणायचे. कोशकाराला हे ऐकून आश्चर्य वाटलं नसणार, कारण दाखल्यातच ते दिसतं. 'सेल्फी' म्हणजे काय, हे त्या तरुणाने समजावून सांगितलेलं नाही. वाचणाऱ्याला कळेलच, असं गृहीत धरून तो पुढे गेला आहे. नवा शब्द पहिल्यांदा वापरणारा माणूस सहसा अडखळतो, अवतरणचिन्हं घालतो, 'ज्याला अमुक म्हणतात' अशी शेपटी जोडतो. ती शेपटी नसेल, तर शब्द बोलण्यात आधीपासून रुळलेला आहे असं समजायचं. तशात ऑस्ट्रेलियन लोकांना शब्द तोडून पुढे 'ई' लावायची खोडच आहे. बार्बेक्यूचं 'बार्बी' होतं, अग्निशामक दलाच्या जवानाचं 'फायरी' होतं. 'सेल्फी' त्याच घराण्यातला.

बोलभाषेतल्या शब्दांची खरी अडचण इथे आहे. ते तोंडात जन्मतात आणि कोशकाराला लागतो लेखी पुरावा. कट्ट्यावर, वसतिगृहात, बराकीत एखादा शब्द दहा वर्षं फिरलेला असतो आणि कागदावर त्याचा मागमूसही नसतो. त्यामुळे कोशात 'पहिला वापर' म्हणून दिलेलं साल हे शब्दाचं जन्मसाल नसतं. शोध त्या सालापर्यंत पोहोचला, एवढंच ते सांगतं. २०११मध्ये ऑक्सफर्डने 'ओएमजी'ची नोंद केली, तेव्हा हे सगळ्यांच्याच लक्षात आलं. मोबाइलवर बोटं चालवणाऱ्या पोरांचा म्हणून ज्या शब्दाला नाकं मुरडली जात होती, तो १९१७ साली अॅडमिरल लॉर्ड फिशर यांनी विन्स्टन चर्चिलना लिहिलेल्या पत्रात सापडला. तोही 'ओह माय गॉड' असा कंसात खुलासा करून. पंचाहत्तरी ओलांडलेला आरमारी अधिकारी, पहिलं महायुद्ध चालू, आणि हे लघुरूप! इंग्लंडमधल्या मानाच्या किताबांना तीन अक्षरांची लघुरूपं असतात, त्यांची टिंगल करण्यासाठी त्यांनी ते बनवलं होतं. फिशरमहाशयांचा शब्द आणि पोरांचा शब्द यांच्यामध्ये सलग वापराचा धागा आहे का, हा वेगळा प्रश्न. पण कोशात सर्वांत जुना दाखला म्हणून मान त्यांनाच मिळाला.

असे दाखले गोळा करण्याची पद्धत जुनी आहे. ऑक्सफर्डच्या थोरल्या कोशाचे संपादक जेम्स मरे यांनी १८७९मध्ये इंग्रजी वाचणाऱ्या जगाला आवाहन केलं, की पुस्तकं वाचा, लक्षवेधी शब्द दिसला की चिठ्ठीवर तो शब्द, त्याचं वाक्य, पुस्तकाचं नाव आणि साल लिहून आमच्याकडे पाठवा. लाखो चिठ्ठ्या आल्या आणि त्यांवर तो कोश उभा राहिला. अमेरिकेत स्प्रिंगफील्डच्या मेरियम-वेबस्टर या कोशसंस्थेतही संपादकांच्या कामाचा एक भाग वर्षानुवर्षं हाच राहिला आहे. मासिकं, कादंबऱ्या, पाककृती, खोक्यांवरचा मजकूर वाचायचा आणि खुणा करायच्या. वाचायचं ते गोष्टीत न रमता. जो गोष्टीत रमला, त्याच्या नजरेतून शब्द निसटतात.

आता या चिठ्ठ्यांच्या जोडीला संगणकातला मजकुराचा साठा आला आहे. कोशकार त्याला कॉर्पस म्हणतात. 'सेल्फी'च्या वेळी ऑक्सफर्डची यंत्रणा ताज्या इंग्रजी मजकुरातून दरमहा सुमारे १५ कोटी शब्द टिपत होती. कोणता शब्द अचानक वाढला, कुठल्या देशात वाढला, त्याच्या शेजारी कोणते शब्द येतात, हे त्यातून दिसतं. २००२नंतर 'सेल्फी' बरीच वर्षं रांगतच होता. २००४मध्ये फोटो ठेवण्याच्या फ्लिकर या संकेतस्थळावर तो खुणेचा शब्द म्हणून दिसतो. कुणी त्याचं स्पेलिंग शेवटी 'आयई' लावून करी, कुणी 'वाय' लावून. मग मोबाइलला पुढच्या बाजूनेही कॅमेरा आला आणि २०१२च्या सुमारास शब्द छापील वर्तमानपत्रांत उतरला. पुढच्या वर्षी ऑक्सफर्डने जाहीर केलं, की त्याचा वापर बारा महिन्यांत १७,००० टक्क्यांनी वाढला. हा आकडा सगळीकडे छापून आला. माझ्या मते कोशकाराने त्यावर फार विसंबू नये. आधीचा वापर चिमूटभर असला, की टक्केवारी आभाळाला भिडतेच. एका गाण्यामुळे किंवा एका निवडणुकीमुळे उसळलेला शब्दही असाच आलेख दाखवतो आणि सहा महिन्यांत दिसेनासा होतो.

म्हणून आकडा बाजूला ठेवून दाखले एकेक करून वाचावे लागतात. शंभर दाखले आहेत, पण ते सगळे एकाच स्तंभलेखकाचे असतील किंवा एकाच बातमीच्या नकला असतील, तर तो एकच दाखला धरायचा. तरुणांच्या गप्पांत शब्द आहे. तो क्रीडापानावर आहे का, वाचकांच्या पत्रात आहे का, कादंबरीतल्या पन्नाशीच्या पात्राच्या तोंडी आहे का, हे बघायचं. सुरुवातीच्या बातम्यांत 'सेल्फी'ला अवतरणचिन्हं होती आणि 'म्हणजे स्वतःच स्वतःचा काढलेला फोटो' असा खुलासा असे. पुढे खुलासा गेला, मग चिन्हंही गेली. नुसत्या संख्येपेक्षा हे गळून पडणं मला जास्त बोलकं वाटतं. दुसरी खूण म्हणजे शब्दाला पोरंबाळं होणं. केसांच्या फोटोला 'हेल्फी', व्यायाम करतानाच्या फोटोला 'वेल्फी', पुस्तकांच्या फडताळाच्या फोटोला 'शेल्फी' असे शब्द लोक बनवू लागले होते. मूळ शब्द सगळ्यांना ठाऊक असल्याशिवाय त्याच्यावरचे विनोद कळत नाहीत.

एकट्या चिठ्ठीवर विश्वास ठेवला, की काय होतं याचा किस्सा कोशकार अजून सांगतात. १९३१मध्ये वेबस्टरच्या कचेरीत रसायनशास्त्राच्या संपादकाने एक चिठ्ठी लिहिली. इंग्रजी 'डी' हे अक्षर, मोठं किंवा लहान, घनतेसाठी लघुरूप म्हणून वापरतात, एवढंच तिच्यात होतं. ती चिठ्ठी लघुरूपांऐवजी शब्दांच्या गठ्ठ्यात गेली. 'डी ऑर डी' ही अक्षरं कुणीतरी जोडून वाचली आणि १९३४च्या बृहत्कोशात 'डॉर्ड' नावाचा शब्द छापला गेला, अर्थ घनता. १९३९मध्ये एका संपादकाला दिसलं, की या शब्दाला व्युत्पत्तीच नाही. त्याने चिठ्ठ्या धुंडाळल्या, तेव्हा कोणीही कधीही न वापरलेला शब्द हाती लागला. रसायनशास्त्रातल्या 'डॉर्ड'चा एक तरी स्वतंत्र दाखला दाखवा, असं कुणी आधीच विचारलं असतं, तर तो छापखान्यापर्यंत पोहोचला नसता.

दाखले पुरेसे झाले, की व्याख्या लिहायला घेतात आणि इथे मोठ्या शब्दांपेक्षा छोटे शब्द जास्त घाम काढतात. सेल्फी म्हणजे माणसाने स्वतःच काढलेला स्वतःचा फोटो, हे सोपं. पण तो मोबाइलवरच काढायला हवा का? संगणकाच्या कॅमेऱ्यातून काढलेला चालेल? कुणालाच न दाखवता ठेवून दिला, तर तो सेल्फी नव्हे का? ऑक्सफर्डने तोड काढली ती एका क्रियाविशेषणाने. बहुधा स्मार्टफोनने किंवा वेबकॅमने काढलेला आणि समाजमाध्यमावर टाकलेला, अशा अर्थाची त्यांची व्याख्या होती. तो 'बहुधा' हलवला, तर अर्धे दाखले व्याख्येबाहेर पडतात. मसुदा झाला, की तो प्रत्येक दाखल्यावर ठेवून बघतात आणि एखादा खरा दाखला बसला नाही, तर दुरुस्ती व्याख्येत करावी लागते. मग शिक्का. 'सेल्फी'ला 'अनौपचारिक' हा शिक्का मिळाला. नोंद झाली म्हणजे शब्द शिष्टसंमत झाला, असा अर्थ कुणी काढू नये, यासाठी तो असतो. लोक तरीही तोच अर्थ काढतात.

ऑगस्ट २०१३मध्ये 'सेल्फी ऑक्सफर्डमध्ये' अशा बातम्या झळकल्या, त्यात थोडा घोटाळा होता. ऑक्सफर्डचे तेव्हा दोन वेगवेगळे कोश महाजालावर होते. एक आजच्या वापराचा, भराभर बदलणारा. ऑगस्टमध्ये शब्द तिथे आला. त्याच नोव्हेंबरात तो 'वर्षाचा शब्द'ही ठरला, पण त्या मानाचा कोशप्रवेशाशी संबंध नसतो. दुसरा मरे यांच्या परंपरेतला थोरला ऐतिहासिक कोश. त्यात शब्द एकदा आला, की तो मेला तरी काढत नाहीत, म्हणून तिथले संपादक हात आखडता घेतात. त्यांनी किती दाखले आणि किती वर्षं लागतील याचा पक्का आकडा ठरवलेला नाही. निरनिराळ्या ठिकाणचे स्वतंत्र दाखले आणि पुरेसा काळ, एवढीच त्यांची अट असते. त्या थोरल्या कोशात 'सेल्फी' जून २०१४मध्ये आला. ओठाच्या त्या फोटोपासून जवळजवळ बारा वर्षांनी.

आपली 'चड्डी'सुद्धा त्याच दाराने आत गेली आहे. ब्रिटनमधल्या भारतीय कुटुंबांत ती घरात बोलली जातच होती. १९९०च्या दशकात बीबीसीच्या 'गुडनेस ग्रेशस मी' या विनोदी मालिकेत एका पात्राच्या तोंडी ती पालुपदासारखी आली आणि गोऱ्या पोरांनीही उचलली. 'चडीज' अशा इंग्रजी अनेकवचनासह मार्च २०१९मध्ये तिची नोंद झाली. मालिका गाजून दोन दशकं उलटली होती, म्हणजे शब्द मालिकेच्या मागे उरला, हे तपासायला भरपूर वेळ मिळाला.

आणि 'सेल्फी' मराठीतही आलाच आहे. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात विभाग १९३२ ते १९३८ या काळात निघाले, तेव्हा तो त्यात नसणार हे उघड आहे. उद्या कुणी मराठी कोशकार त्याची चिठ्ठी करायला बसला, तर अर्थासाठी त्याला डोकं खाजवावं लागणार नाही. तो अडेल लिंगापाशी. मी वर सगळीकडे 'तो सेल्फी' लिहिलं आहे, पण 'सेल्फी काढला' म्हणणारे आहेत तसे 'सेल्फी काढली' म्हणणारेही आहेत. फोटो पुल्लिंगी म्हणून एक बाजू, ईकारान्त शब्द स्त्रीलिंगी वाटतो म्हणून दुसरी. व्याकरणाच्या पुस्तकातून याचा निकाल लागायचा नाही. पुण्याची, नागपूरची, छत्रपती संभाजीनगरची, पणजीची वर्तमानपत्रं चाळायची, लग्नाच्या मांडवातल्या 'सेल्फी पॉइंट'च्या पाट्या सोडून द्यायच्या, कारण तिथे लिंग कळत नाही, आणि क्रियापदासकट वाक्य सापडलं की गाव आणि तारीख घालून उतरवून घ्यायचं. दोन्ही गठ्ठे सारखेच भरले, तर नोंदीत शब्दापुढे 'पु.' आणि 'स्त्री.' अशी दोन्ही लिंगं छापायची.