आयसिंग वाळलं म्हणजे निर्धोक झालं का?

बिस्किटावरचं रॉयल आयसिंग वाळून खडखडीत झालं, नखाने वाजवलं तर टकटक आवाज यायला लागला, की त्यातलं अंडं ‘गेलं’ असं बहुतेकांना वाटतं. ओलं होतं तोवर कच्चं होतं, आता सुकलं, म्हणजे जवळजवळ शिजलंच. हा समज चुकीचा आहे. वाळल्यामुळे आयसिंग टिकतं, पण निर्धोक होत नाही. ते निर्धोक करायचं काम भांड्यात साखर पडण्याआधी उरकलेलं असावं लागतं. वाळवणीची खरी गरज वेगळ्याच कारणासाठी आहे.

मूळ कृती अगदी साधी आहे: अंड्यातलं पांढरं आणि बारीक दळलेली साखर, एकत्र घोटलेली. मँचेस्टरच्या एलिझाबेथ रॅफल्ड यांच्या १७६९ च्या पाकपुस्तकात लग्नाच्या केकवर चढवायचं असं साखरेचं कवच आहे. तेव्हापासून १९८०च्या दशकापर्यंत इंग्लंडमध्ये घरोघरी कच्च्याच पांढऱ्यात हे आयसिंग होत होतं आणि कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. डिसेंबर १९८८ मध्ये ब्रिटनच्या आरोग्य खात्यातल्या मंत्री एडविना करी यांनी देशातल्या बहुतेक अंड्यांच्या उत्पादनात साल्मोनेला असल्याचं विधान केलं. अंड्यांचा खप कोसळला आणि दोन आठवड्यांत बाईंना राजीनामा द्यावा लागला. विधान अतिशयोक्त होतं, पण साल्मोनेलाची भीती खोटी नव्हती. पुढे तिथे कोंबड्यांना लस देऊन अंड्यांवर सिंहाचा शिक्का मारायची योजना आली. २०१७ मध्ये तिथल्या अन्नसुरक्षा यंत्रणेने अशी शिक्क्याची अंडी गरोदर बायका आणि म्हाताऱ्या माणसांनीही कच्ची खाल्ली तरी चालतील असं सांगितलं. म्हणून इंग्रजी पुस्तकात किंवा व्हिडिओत कुणी बिनधास्त कच्चं पांढरं वापरताना दिसलं, तर त्या अंड्यामागे ही सगळी व्यवस्था उभी आहे हे लक्षात ठेवायचं. आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानातल्या सुट्या अंड्यांमागे ती नाही.

साल्मोनेलाची एक खोड अशी की तो फक्त कवचावरच्या घाणीत असतो असं नाही. कोंबडीलाच संसर्ग असेल तर कवच तयार होण्याआधीच तो अंड्याच्या आत शिरतो. त्यामुळे अंडं कितीही स्वच्छ धुतलं, तरी आतली खात्री मिळत नाही.

आता साखरेकडे येऊ. मुरांबा वर्षभर टिकतो तो साखरेमुळे, हे आपल्याला ठाऊक आहे. पाणी असतं, पण साखरेने ते इतकं धरून ठेवलेलं असतं की जंतूंना वापरता येत नाही. या ‘मोकळ्या पाण्या’चं माप शून्य ते एक असं मोजतात. शुद्ध पाणी म्हणजे एक. साल्मोनेलाला वाढायला साधारण ०.९४ लागतं. साखर आणखी विरघळणार नाही इतका घट्ट पाक केला, तर ते ०.८५ च्या आसपास उतरतं. आयसिंगमध्ये साखर इतकी असते की बरीचशी विरघळतच नाही. म्हणजे त्यातलं जेवढं पाणी आहे ते सगळं असा पूर्ण भरलेला पाकच. बिस्किटावर ओतायला पातळ केलेलं आयसिंगही याच हद्दीत राहतं. म्हणून ओल्या आयसिंगमध्येही साल्मोनेला वाढू शकत नाही.

वाढू शकत नाही, पण मरतही नाही, आणि खरी गोम इथे आहे. कोरड्या, गोड पदार्थात हा जंतू महिनोन्‌महिने निपचित पडून राहतो आणि पोटात गेल्यावर जागा होतो. २०२२ मध्ये बेल्जियममधल्या एका कारखान्यातल्या चॉकलेटमुळे युरोपभर लहान मुलं आजारी पडली, तीही साल्मोनेलानेच. चॉकलेटमध्ये तर पाणी जवळजवळ नसतंच. लिंबाचा चमचाभर रसही त्याला मारत नाही. लिंबू घालायचं ते फेस घट्ट राहावा म्हणून.

तेव्हा मार्ग दोनच उरतात. सोपा मार्ग मेरिंग पावडरचा. वाळवलेलं पांढरं, त्यात थोडी साखर, स्टार्च, डिंक आणि आंबट क्षार, असं हे मिश्रण असतं. कारखान्यात पांढऱ्यातली नैसर्गिक ग्लुकोज आधी काढून टाकतात, नाहीतर भुकटी तपकिरी पडते. मग ते सुकवून भुकटी कित्येक दिवस गरम खोलीत ठेवतात. कोरड्यात जंतू चिवट असतो, म्हणून मिनिटं पुरत नाहीत, दिवस द्यावे लागतात. साडेचारशे ग्रॅम आयसिंग शुगरला तीन मोठे चमचे पावडर आणि पाच ते सहा मोठे चमचे पाणी हे नेहमीचं प्रमाण. पाणी उकळून गार केलेलं घ्यावं, कारण हे आयसिंग पुढे कुठेच तापणार नाही. पाकिटावरचे घटक मात्र वाचा. अंडं असेल तर तपकिरी त्रिकोणाची खूण असते, आणि बिनअंड्याच्या पावडरीही त्याच फळीवर मिळतात. बिनअंड्याचं आयसिंगही कमअस्सल नव्हे. पुण्याच्या प्राची धबल देब यांनी एडी स्पेन्स या ब्रिटिश उस्तादांकडे ही कला शिकून, अंड्याशिवायच्या रॉयल आयसिंगमधून राजवाडे आणि चर्चची नाजूक जाळीदार शिल्पं उभी केली आहेत.

दुसरा मार्ग ताज्या अंड्याचा. त्याला थर्मामीटर हवा, अंदाज चालत नाही. दोन अंड्यांचं पांढरं स्टीलच्या भांड्यात घ्या. पिवळा बलक कवचातून कवचात खेळवून वेगळा करू नका, त्याने कवचावरचं सगळं आत जातं. चमच्याने उचला. पांढऱ्यात चार मोठे चमचे साखर आणि दोन छोटे चमचे पाणी घालून भांडं मंद उकळत्या पाण्यावर धरा आणि सतत ढवळत राहा. काटा ७१ अंशांवर गेला की उतरवा. थर्मामीटरचं टोक भांड्याच्या तळाला टेकू देऊ नका, नाहीतर तळाचं तापमान मोजून आपलीच फसगत होते. साखरेशिवाय पांढरं याच्या आधीच गोळे धरतं, म्हणून थोडी साखर लागतेच. पण सगळी साखर सुरुवातीलाच ओतायचा मोह टाळावा. जी साखर जंतूला वाढू देत नाही, तीच त्याला उष्णतेपासूनही वाचवते. दाट पाकात तेवढ्याच तापमानाला तो जास्त वेळ तग धरतो. मिश्रण कोमट झालं की उरलेली सुमारे चारशे ग्रॅम चाळलेली आयसिंग शुगर घालून मिक्सर मंद गतीवर फिरवा. जोरात फिरवलं तर हवा भरते आणि वाळलेला थर ठिसूळ होतो. भांड्याला तुपाचा हात लागलेला नको. जुन्या प्लॅस्टिकच्या वाडग्याला तेलकटपणा कायम चिकटून असतो, म्हणून स्टील किंवा काच बरी.

नक्षीची कड काढायला आयसिंग घट्ट ठेवायचं. मधला भाग भरायला त्यात चमच्या-चमच्याने पाणी घालायचं. सुरीने रेघ ओढली की ती दहा ते पंधरा सेकंदांत मिटावी. इथे एक घात अनेकांच्या हातून होतो. आयसिंग फार घट्ट झालं की पातळ करायला फ्रिजमधलं उरलेलं कच्चं पांढरं ओततात. आधीचं सगळं तापवणं त्या एका चमच्याने फुकट जातं.

आणि आता वाळवणी. मघाचा ०.८५ हा आकडा इथे पुन्हा कामाला येतो. तो असं सांगतो की हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल, तर हे आयसिंग वाळणारच नाही. उलट ते हवेतून पाणी ओढून घेईल. जुलैच्या मुंबईत, कोकणात किंवा गोव्यात रात्रभर पंख्याखाली ठेवूनही बिस्किटं सकाळी चिकट का, याचं उत्तर एवढंच. तुमच्या कृतीत दोष नसतो. हवेचाच पाक झालेला असतो. अशा दिवसांत एसी ‘ड्राय’वर लावून बंद खोलीत वाळवावं, किंवा पाऊस उघडेपर्यंत थांबावं. ख्रिसमसच्या सुमारास पुण्या-नाशिकच्या कोरड्या थंडीत हेच काम पंख्याच्या वाऱ्यावर होतं.

पंखा हवाच, आणि सुरुवातीची पंधरा-वीस मिनिटं सर्वांत महत्त्वाची. वरची साय लवकर धरली तर आयसिंगला चकाकी येते. सावकाश धरली तर ते फिकट, मळकट दिसतं आणि लाल रंग शेजारच्या पांढऱ्यात उतरतो. म्हणून गडद रंग आधी भरून तो पुरा वाळू द्यावा, आणि फिकट रंग दुसऱ्या दिवशी. छोट्या जागी, उदाहरणार्थ फुलाच्या पाकळीत, वाळताना मध्ये खड्डा पडतो. वरची साय धरायच्या आधीच आतलं पाणी बिस्किटात झिरपतं आणि थर खचतो. अशा जागी आयसिंग किंचित घट्ट ठेवावं आणि वारा लगेच सोडावा.

ओव्हनमध्ये वाळवायचा मोह मात्र आवरा. चाळीस-पन्नास अंशही लोण्याच्या बिस्किटाला जास्त होतात. लोणी वितळून वर चढतं आणि पांढऱ्या आयसिंगवर पिवळे तेलकट डाग उमटतात. तेवढ्या ऊबेने जंतूही मरत नाहीत, त्यामुळे सुरक्षिततेचा फायदा शून्य. फ्रिजचंही तेच. बाहेर काढल्यावर दव धरतं आणि रंग ओघळतात.

वरून कोरडं दिसणं पुरेसं नसतं. एक बिस्किट बळी द्यायचं ठरवूनच जास्तीचं करावं आणि दुसऱ्या सकाळी तेच मोडून पाहावं. थर आरपार कोरडा, मोडताना कुडकुडीत, खाली ओल नाही, तर बाकीची रचून ठेवायला हरकत नाही. मध्ये मऊ चिकट पट्टा दिसला तर आणखी आठ-दहा तास द्यावे. अर्धओली बिस्किटं डब्यात एकमेकांवर ठेवली की नक्षी सपाट होते. कोंडलेली ओल बिस्किटात उतरते, आणि बुरशी धरते ती तिथेच. रात्रभर उघड्यावर ठेवायचं असेल तर जाळीचं झाकण घाला. वारा जाऊ द्या, मुंग्या, झुरळं आणि माश्या नकोत. अंडं ७१ अंशांवर नेऊन वरून झुरळ फिरू दिलं, तर काय साधलं?

उरलेल्या आयसिंगवर प्लॅस्टिक थेट टेकवून झाकावं, नाहीतर पापुद्रा धरतो आणि नोझल तुंबतं. मेरिंग पावडरचं आयसिंग हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये आठवडाभर राहतं. तळाशी पाणी सुटलं तर पुन्हा घोटून घ्यावं. तापवलेल्या ताज्या पांढऱ्याचं दोन-तीन दिवसांत संपवावं. आणि घरी कुणी गरोदर असेल, तान्हं किंवा म्हातारं माणूस असेल, आणि थर्मामीटर नसेल, तर त्या दिवशी अंडं फोडू नये, पावडरचं पाकीट फोडावं.